भूल उतरताना

माझ्या ताईला सगळी गल्ली भोंगा म्हणायची. दारात उभी राहून तिनं मला हाक मारली की ती तिसऱ्या वळणावर ऐकू यायची, त्यामुळे ‘ऐकलंच नाही’ म्हणायची सोयच नसायची. बोलताना तिचे हात, मान, डोळे सगळंच चालायचं. वाण्याची नक्कल तर अशी हुबेहूब करायची, की आई हसता हसता पदर तोंडात कोंबायची. आमची बोलीच तशी, शब्दांचे शेवट लांबवणारी, भांडतोय की लाड करतोय ते बाहेरच्याला न कळणारी. ते दिवस आठवले की अजून घर भरल्यासारखं वाटतं.

मग ताईला मोठ्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं एका पेशंटला तिच्या नेहमीच्या आवाजात हाक मारली. हेडक्लार्क हसत म्हणाले, “अहो, बाजार नाही हा! तुमच्याकडची माणसं ना, दोन वाक्यांत ओळखू येतात.” सगळे हसले. ताईही हसली. घरी येऊन मात्र जेवली नाही.

नक्कल म्हणजे तिच्या हातचा मळ. महिन्याभरात तिनं खिडकीमागच्या इतर बायकांचं बोलणं उचललं. शब्दांचे शेवट आखूड केले, आवाज निम्म्यावर आणला. नाकातली चमकी डबीत गेली, तेल लावलेली वेणी जाऊन अंबाडा आला, साड्या फिक्या झाल्या. हात उडू नयेत म्हणून टेबलाखाली एकमेकांत अडकवून बसायची. डब्यात वास न येणारंच न्यायची. कुणी रांग मोडून वर तिच्याच अंगावर ओरडलं, तरी ही आवाज चढवायची नाही. शेजारची बाई चिडली तर “आज तिचं डोकं दुखतंय” म्हणायचे. ताई चिडली असती तर “यांचं रक्तच तापट” म्हणाले असते. आमच्या लोकांवर विनोद झाला की शेवटी कुणीतरी म्हणायचं, “तुम्ही मात्र तशा वाटत नाही हं!” त्यावर ही “थँक्यू” म्हणायची. मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच चिडले. मूर्खच होते मी.

संध्याकाळी घरी आली की अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसायची. जबडा दुखायचा. हळूहळू नकला बंद झाल्या. आईनं कामावर फोन केला तर “नंतर बोलते” एवढंच. आई म्हणायची, “फोन ती खिडकीवरची बाई उचलते. माझी पोरगी कुठे असते गं?”

सतरा वर्षांनी तिच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले, आणि ही दोन वर्षं टाळत राहिली.

“सुरीला घाबरतेस?” मी शेवटी ओरडलेच.

“भुलीला,” ती म्हणाली. “ती उतरताना माणसं काय काय बडबडतात, ऐकलंय मी. तिथले सगळे मला ओळखतात. इतकी वर्षं जपलेलं एका मिनिटात जाईल.”

“मग दुसरीकडे कर!”

“आपलं इस्पितळ सोडून? कारण काय सांगू?”

एक दिवस कामावरच ती पोट धरून खाली बसली, तेव्हा कुठे तयार झाली. अट एकच: शुद्धीवर येताना मी उशाशी असायचं आणि ती बोलायला लागली की तोंडावर हात ठेवायचा.

मोठ्या सिस्टरनी मला बसू दिलं. ताईचे ओठ हलले तसा मी हात पुढे केला. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, नीटस आवाजात म्हणाली, “आपला नंबर येईल. कृपया बसून घ्या.”

“बघा,” सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, “भुलीतसुद्धा किती सभ्य!”

मी तिच्या कानाशी वाकले. आमच्या बोलीत, शेवट लांबवून म्हटलं, “अगं ए भोंग्या, मी आहे गं.”

“कागद तयार ठेवा,” ताई म्हणाली. “धन्यवाद.”

हात तसाच राहिला. जे झाकायला मी आले होते, ते तिथं नव्हतंच. मला रडू आवरेना.

दुपारी ती पुरती जागी झाली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं विचारलं, “काय बोलले मी?”

तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नव्हतं. “विचारू नकोस,” मी म्हटलं. “मला म्हैस म्हणालीस. हाक अशी मारलीस की खालच्या मजल्यावरचे पेशंट उठून बसले असतील. वाण्याची नक्कलसुद्धा केलीस.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

मला वाटलं, आता हिचा चेहरा उतरणार. तिनं माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

“म्हणजे अजून येतं मला?”

“येतं की,” मी म्हटलं. “तस्संच.”