औषधातली साखर

शिंपीकाकांनी मधुमेह कळला त्याच दिवशी चहातली साखर सोडली. गोडाला पुन्हा कधी हात लावला नाही. तरी साखर आटोक्यात येईना. अंगात त्राण नसायचं, म्हणून काकू त्यांना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे च्यवनप्राश भरवायच्या. अशक्तपणा वाढला, तसे चमचे भरगच्च होत गेले.

एक दिवस दुकानात काकांच्या पायात सुई घुसली, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. इस्पितळात आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्यापिण्याची चौकशी केली.

"गोड काहीच नाही. च्यवनप्राश तेवढं, पण ते औषधच की," काकू म्हणाल्या.

बाईंनी बरणी मागवून लेबल वाचलं. "यात निम्म्याहून जास्त साखर आहे. म्हणजे रोज तीन-चार चमचे साखर पोटात जात होती. अंगठा फक्त यानेच गेला असं नाही. पण याचाही हातभार लागला."

काकूंनी खाली मान घातली.

"माझ्या भल्यासाठीच देत होतीस," काका म्हणाले.

च्यवनप्राश थांबलं, गोळ्या बदलल्या, चार महिन्यांत साखर उतरली. पण शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठरेना. काकांनी दुकान बंद केलं. काकू आता त्यांना काही भरवत नाहीत. ताट वाढतात आणि लगेच आत निघून जातात.