वहिनींच्या जांभया

वहिनी त्या दिवशी झोपेत होत्या, म्हणून हरल्या. आमच्या घरात, वाडीत, नातेवाइकांत आजवर हेच सांगितलं गेलं, आणि ते सगळ्यात आधी मीच सांगितलं. पुढे कुणी विषय काढला की मी काहीतरी निमित्त काढून पडवीत जाऊन बसे. लिहायला बसलो तरी पहिल्या ओळीपाशीच उठे. आता मला थांबवणारं घरात कुणी नाही आणि ऐकणारंही नाही, म्हणून बसलो आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर. मी शहरातल्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. दादा, माझा थोरला भाऊ, मुंबईला कारखान्यात. राहायला गावच्या मंडळाची खोली, तिथे पंधरा-वीस पुरुष आळीपाळीने झोपत. तिथे बायको नेणं शक्यच नव्हतं. गणपतीला आणि शिमग्याला तो यायचा. बाकी वर्षभर घरात आई, वहिनी आणि मी.

एका गणपतीत दादाने पाहुण्यांसाठी कॅरम आणला. तो परत गेल्यावर बोर्ड माळ्यावर जाणार होता, तो वहिनींनी खाली ठेवून घेतला. आई दिवेलागणीनंतर लगेच आडवी व्हायची. मी शाळेतून कबड्डीचा सराव आटपून आलो की माजघरातून टक, टक असा आवाज यायचा. वहिनी एकट्याच खेळत असायच्या. पांढऱ्या सोंगट्या मारून झाल्या की उठून पलीकडे जाऊन काळ्या मारायच्या. मी एकदा गमतीने समोर बसलो आणि एकही सोंगटी भोकात न घालता हरलो.

"काय ओ भावजी, मास्तर ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "का फक्त शिट्टी वाजवता?"

मीच त्यांना शहरातल्या क्लबात नेलं. आईने कुरकुर केली, मग एका बक्षिसात स्टीलचा डबा आला तेव्हा गप्प झाली. दोन वर्षांत वहिनी जिल्ह्यातल्या चांगल्या खेळाडूंत गणल्या जाऊ लागल्या. त्यांची खेळायची एक रीत होती. सामन्याआधी कुणाशी बोलायच्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायच्या, स्ट्रायकर पदराला पुसत राहायच्या. खेळही तसाच मऊ. पहिला फटका हलका, सोंगट्या जेमतेम सुटतील इतकाच.

त्या वर्षी कळलं की मुंबईची एक बँक महिलांचा कॅरम संघ उभा करते आहे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला त्यांचा माणूस येणार होता आणि जिंकणारीला चाचणीला बोलावणार होता. खेळाडू म्हणून नोकरी. दोन पगार झाले की मुंबईत दोघांपुरती खोली भाड्याने घेता येणार होती. वहिनींनी ती खोली मनात मांडूनही ठेवली होती.

"खिडकी हवी हां, भावजी," त्या मला सांगायच्या, जणू मीच घरमालक. "दुसऱ्याचा जिना दिसला तरी चालेल. पण खिडकी हवी."

मला मात्र माझ्या विद्येचा अभिमान होता. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आमच्या सरांनी फळ्यावर एक टेकडी काढली होती. खालच्या रेषेवर माणसाची चेतना, म्हणजे अंग आणि मन किती जागं, किती पेटलेलं. उभ्या रेषेवर खेळ. चेतना अगदी कमी असेल तर खेळ मरगळलेला. ती वाढत जाते तसा खेळ चढतो, एका जागी माथ्यावर पोहोचतो, आणि चेतना त्याहून वाढली की पलीकडच्या उताराने खाली येतो. कबड्डीच्या पोरांवर मी हे रोज वापरत होतो. मॅटमिट काही नाही, लाल मातीचं मैदान, समोर दांडगी पोरं. आमचा चढाईवाला थंड दिसला की मी त्याला बाजूला घ्यायचो, कानात झोंबेल असं काहीतरी बोलायचो, आणि तो वाघासारखा आत जायचा. दहातल्या आठ वेळा जमायचं.

अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात मी ती टेकडी वहिनींना बोर्डावरच्या पावडरीत बोटाने काढून दाखवली.

"डोंगर काढलात," त्या म्हणाल्या. "मग मी कुठे आहे?"

"तुम्ही अजून पायथ्याशी. तुम्हाला वर चढवायला हवं."

"नको ओ. मला खालीच बरं वाटतं," त्या हसल्या आणि हाताच्या एका फटक्यात टेकडी पुसून सोंगट्या मांडायला लागल्या.

तो विनोद म्हणून मी सोडून दिला. सरांनी फळ्यावर पुढे आणखी एक गोष्ट सांगितली होती, तीही मी अशीच सोडली होती. हा माथा सगळ्या कामांना एकाच जागी नसतो, असं ते म्हणाले होते. ओढाताणीच्या, ताकदीच्या कामाला माणूस बराच पेटलेला लागतो. बोटाच्या नाजूक कामाला माथा फार अलीकडे येतो. शिवाय माणसागणिक तो वेगळा. मी कबड्डीवाला, मला त्याचा काय उपयोग, म्हणून मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो.

रविवारी सकाळी उपांत्य सामना झाला. वहिनींनी पहिला डाव हरून पुढचे दोन जिंकले. अंतिम सामना जेवणानंतर होता. वाचनालयाच्या सभागृहात मधोमध टेबल, वर लोंबता दिवा, चारी बाजूंनी खुर्च्या. बँकेचे गृहस्थ पहिल्या रांगेत सुपारी कातरत बसले होते. वहिनींसमोर खेळायला चिपळूणची एक कॉलेजातली मुलगी होती.

वहिनी मागच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आणि जांभया देत होत्या. एक झाली की दुसरी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डबा उघडलाच नव्हता. मोरीवर दोनदा जाऊन आल्या होत्या. मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला तेव्हा बोटं गार लागली.

हे सगळं मी पाहिलं, आणि चुकीचं वाचलं. सामन्याआधीच्या जांभया झोपेच्या नसतात. ताणाने अंग आतून जागं होतं तेव्हाही त्या येतात. गार बोटं, न जाणारा घास, मोरीच्या खेपा, सगळं तेच सांगत होतं. वहिनी पायथ्याशी नव्हत्या. त्या आपल्या माथ्यापाशी होत्या आणि भिंतीकडे बघत, पदराने स्ट्रायकर पुसत, स्वतःला तिथे धरून ठेवत होत्या. मला दिसली ती मरगळ. सकाळचा हरलेला डाव आठवला. वाटलं, आता पेटवलं नाही तर गेलं.

मी त्यांच्या बाजूला उकिडवा बसलो आणि म्हणालो, "वहिनी, झोपताय काय? समोर बँकेचा माणूस बसलाय."

"माहीत आहे. जरा गप्प बसा ना, भावजी."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी पोरांना बोलायचो तसं झोंबणारं शोधत होतो, आणि मला सापडलं.

"दादा तुम्हाला मुंबईला का नेत नाही, ठाऊक आहे? खोली नाही म्हणून नाही. तुमची लाज वाटते त्याला. चार माणसांत घेऊन काय जायचं हिला, असं म्हणतो. आता दाखवा त्याला."

दादा असं कधीच म्हणाला नव्हता. हे मी त्या क्षणी जुळवलं.

वहिनींची जांभई अर्ध्यात थांबली. चेहरा, कान, मान, सगळं लाल झालं. त्या ताडकन उठल्या. मला आनंद झाला. पेटल्या, मला वाटलं.

पहिलाच फटका त्यांनी असा मारला की सोंगट्या चौफेर उधळल्या आणि एक टेबलाखाली गेली. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, "अरे, बाईंना कबड्डीला न्या!" लोक हसले. त्यांच्या हाताला घाम सुटला होता, पावडर बोटांवर चिकटून गोळे होत होते. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकवून ठेवायचा असतो. एकदा तो एकाच रेषेला टेकला होता, पंचांनी फाउल दिला, तरी त्यांना ऐकू गेलं नाही. पंचांना पुन्हा सांगावं लागलं. सोपी सोंगटी भोकाच्या कडेवर आदळून माघारी यायची, कारण जोर जास्त. मग राणी घेतली. सुंदर घेतली. तिला कव्हर म्हणून लगेच आपली एक सोंगटी घालायची होती, आणि ती डाव्या भोकाच्या तोंडाशी उभी होती. कुणीही फुंकून घातली असती. वहिनींना ती दिसलीच नाही. नजर जणू नळीतून बघत होती. त्यांनी समोरची अवघड सोंगटी मारली, चुकली, राणी परत मध्ये आली.

पहिला डाव संपल्यावर मी धावत गेलो. "शांत व्हा, वहिनी. श्वास घ्या. सावकाश." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नसल्यासारखं. चढवलेलं माणूस हाक मारली म्हणून खाली येत नाही, हे माझ्या टेकडीच्या चित्रात कुठे नव्हतं. दुसरा डाव पहिल्याहून लवकर गेला. बँकेच्या गृहस्थांनी चिपळूणच्या मुलीचा पत्ता विचारून घेतला.

एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. गाव जवळ आलं तेव्हा त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "ते खरं का, भावजी? हे असं म्हणाले?"

'नाही' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण मग खोटं का बोललो ते सांगावं लागलं असतं, आणि मी हरवलं हेही. मी म्हणालो, "कशाला मनात धरताय? खेळात बोलतात तसं."

घरी आईने विचारलं, "काय झालं रे मेल्या?" मी सांगितलं, "झोप आली होती त्यांना. जांभया देत होत्या." वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं.

पुढच्या मेमध्ये बोर्डावर आमसुलं वाळत होती. त्यांनी पुन्हा स्ट्रायकर हातात घेतला नाही. दादा गणपतीला आला तेव्हा त्याला वाढून त्या बाहेर जाऊन बसल्या. दोन वर्षांनी त्याला एका ओळखीत खोली मिळत होती. वहिनी म्हणाल्या, आईंना कोण बघेल. दादाला वाटलं, हिलाच यायचं नाही. तो मुंबईतच राहिला, तिथेच म्हातारा झाला, परत आला तो आजारी होऊन. दोघं एका घरात पाहुण्यासारखी वागायची. मी लग्न केलं नाही. आई गेली, मग दादा गेला. मग वहिनी आणि मी, एवढ्या मोठ्या घरात दोन टोकांना.

एकदा मी ठरवून त्यांच्यासमोर जाऊन बसलो होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, त्या सामन्याचं..." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "चहा ठेवू का?" मी म्हणालो, "ठेवा."

गेल्या वर्षी त्या गेल्या. मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं. वहिनी, तुम्ही झोपेत नव्हता. तुमचं सगळं बरोबर चाललं होतं. दादा तसं कधीच म्हणाला नव्हता, ते मी म्हणालो. मला माफ करा.