वांग्यांचा भाव आणि घरपोच जेवण

सुनेच्या बाळंतपणासाठी बायको पुण्याला गेली, ती तीन महिन्यांसाठी. नातू चालायला लागला, तरी ती तिकडेच. मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, मोबाइलवरून जेवण मागवा. घरी करण्यापेक्षा स्वस्त पडेल. तुमची अर्धी भाजी तर सडते."

ते मला लागलं. धुळ्यात हातगाडीपासून सुरुवात करून मी जळगावात पाइप-फिटिंगचं दुकान उभं केलं. हिशेब मला शिकवतो! म्हटलं, एक महिना हाताने करून खातो, एक महिना मागवतो. मागवणं महाग निघालं, की त्याला आईला इकडे पाठवावंच लागेल.

पहिल्या महिन्यात बाजारात गेलो की जुनी सवय आडवी यायची. अर्धा किलो वांग्यांना भाव तुटेना, म्हणून मी उठायला लागलो, की भाजीवाली म्हणायची, "बठ्ठा लई जाय ना भाऊ, दहा रुपये कमी दे." मी सगळी टोपली घ्यायचो. भरीत एका वांग्याचं व्हायचं. बाकीची मऊ पडायची, मेथी पिवळी व्हायची. फेकलेलं खर्चातून वगळलं नाही. गॅस धरून पाच हजारांच्या आत बसलं.

दुसऱ्या महिन्यात शेवभाजी मागवली. हॉटेलात एकशे चाळीसची, मोबाइलवर एकशे सत्तर. वर डब्यांचे पैसे, पोचवण्याचे, कंपनीची फी, कर. अडीचशेच्या घरात गेली, भाकरी वेगळीच. मी हॉटेलवाल्याला फोन करून भांडलो. तो म्हणाला, "शेठ, कंपनी माझ्याकडून कमिशन घेते. इथे येऊन खा ना." तिथे एकटं टेबलावर बसायचं म्हणजे ओळखीचे चार जण विचारणार. नाही गेलो. दोन्ही वेळचं मिळून चौदा हजारांवर गेलं. स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या डब्यांची ओट्यावर रास झाली.

दोन्ही महिन्यांचे आकडे मुलाला पाठवले. लगेच फोन आला.

"जिंकलात, पप्पा! पाच हजारांत भागतंय तुमचं. मी उगाच आईच्या मागे लागणार होतो, जा म्हणून."

मी इतका ओरडलो की त्याने फोन आईकडे दिला.

"वांगी किती घेता?" तिने विचारलं.

"टोपलीभर. भाव चांगला होता."

"एकट्याला?" ती हसली, मग थांबली. "ओरडताय कशाला पण? चांगलं जमतंय की."

"तू यावीस म्हणून तर हिशेब पाठवला."

"हिशेबावरून काय समजायचं मी? ये म्हणालात का कधी?"

आपल्याला काय हवंय ते समोरच्याला आधी कळू द्यायचं नाही, यावर मी धंदा केला. त्या दिवशी पहिल्यांदा कळू दिलं.

"ये," म्हणालो.

मागे नातू रडत होता.

"बघते," ती म्हणाली.

भाव विचारून उठणारं गिऱ्हाईकही हेच म्हणतं. त्याला दारापर्यंत जाऊ देऊन परत कसं बोलवायचं, ते मला येतं. तिच्यापुढे ती युक्ती चालत नाही. फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.