पर्यायी विषय आणि आळेफाट्यावरचा फ्लेक्स

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासून संशय येतो. परदेशी कॉलेजांत प्रवेश मिळवून देणारं ऑफिस मंचरला थाटलेल्या कौन्सिलरने पहिल्याच भेटीत मला ‘बेटा’ म्हटलं, तेव्हाच मी सावध झाले.

रसायनशास्त्रात बीएस्सी झाल्यावर मला द्राक्षात उरलेला फवारणीच्या औषधांचा अंश तपासायला शिकायचं होतं. आमच्याकडचा माल परदेशी जाण्याआधी नमुना लॅबला जातो आणि रिपोर्ट बिघडला की वर्षाची मेहनत मातीमोल. तो रिपोर्ट काढणारी मला व्हायचं होतं. कौन्सिलरने इंग्लंडमधला अन्नसुरक्षेचा मास्टर्स सुचवला. माहितीपत्रकावर पांढऱ्या कोटातली मुलगी मशिनसमोर हसत होती. प्रवेशाचं पत्रही झटपट आलं. काकांनी मला न विचारता आळेफाट्यावर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला.

कोर्सचं हँडबुक मागितलं, तर कौन्सिलर म्हणाला, “ते तिथे गेल्यावर वाचायचं असतं.” एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणार होते होय? विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून घेतलं.

सक्तीचे विषय होते अन्नकायदा, पुरवठा साखळी, ग्राहकांचं वर्तन, संशोधन पद्धती. परीक्षा म्हणजे निबंध आणि सादरीकरणं. अंश तपासणीचा विषय एकच, तोही पर्यायी, आणि पुरेसे विद्यार्थी आले तरच चालणार. शेवटचा प्रकल्पसुद्धा नुसतं वाचन करून उरकता येत होता. मशिनला हात लागेल याची खात्री कुठेच नव्हती. विभागाला थेट विचारलं, तर सभ्य उत्तर आलं: मागच्या वर्षी तो विषय चालला नाही, यंदाचं सांगता येत नाही. माझं डोकंच फिरलं.

पुण्यातल्या एका कॉलेजचा विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचा एमएस्सी मी नाव रुक्ष म्हणून बाजूला टाकला होता. आता त्याचा अभ्यासक्रम उघडला. प्रत्येक सत्राला प्रॅक्टिकल सक्तीचं, त्यात वेगळं पास व्हायचं, शेवटी लॅबमधला प्रकल्प. कागदावर काय, कुणीही लिहील! म्हणून तिथे जाऊन एका मुलीला विचारलं, मशिन चालू आहे की झाकून ठेवलंय?

“चालू आहे,” ती वैतागून म्हणाली, “पण नंबर लावावा लागतो.”

तिच्या वैतागावर माझा लगेच विश्वास बसला.

घरी सांगितल्यावर काका उखडले. “आगं, फ्लेक्स लागलाय! लोकं घरी पेढं मागाय येत्यात. आता कुठं तोंड दाखवू?”

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी दोन्ही अभ्यासक्रम त्यांच्यापुढे टाकले. ते वाचेनात. उठून आत गेले आणि आमचा माल नापास झाला होता त्या वर्षीचा रिपोर्ट घेऊन आले.

“ह्ये काढाय तिकडं शिकवणार व्हते का?”

“खात्री न्हाई, काका.”

“आन् पुण्यात?”

“व्हय. सक्तीचं हाय.”

काकांनी रिपोर्टची घडी घातली, भिंतीला टेकवलेली शिडी जीपमध्ये टाकली आणि आळेफाट्याकडे निघाले.