शेवटच्या सहा मीटरचा ढाळ

गोदामाचा कोबा आणि घराचा कोबा यांत फरक असतो, हे माहीत असण्याचाच मला पगार मिळत होता. मिस्त्रीला माहीत नव्हतं, कारण ते त्याला सांगणं हे माझं काम होतं. एवढ्या दोन वाक्यांत सगळं आलं खरं तर. पण एवढ्यावर थांबलो तर मी स्वतःला फार स्वस्तात सोडल्यासारखं होईल.

आमच्या परंड्याकडच्या वाशीच्या अलीकडं हायवेला लागून ते गोदाम उभं राहत होतं. दहा मीटर उंचीचे लोखंडी रॅक लागणार होते आणि त्यांच्यामधल्या अरुंद बोळांतून उंच मास्टच्या, म्हणजे उभ्या खांबावरून काटे वर नेणाऱ्या गाड्या माल चढवणार, उतरवणार होत्या. अशा गाडीखालचा कोबा एका बाजूला मीटरला पाच मिलिमीटर जरी उतरता असला, तरी वर दहा मीटरवर मास्ट पन्नास मिलिमीटर कलतो आणि वरचं मालाचं पॅलेट रॅकला जाऊन घासतं. म्हणून कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये कोब्याला दोन आकडे दिलेले होते. एक सपाटीचा, म्हणजे पृष्ठभागावर खड्डे-उंचवटे किती चालतील याचा. दुसरा समतळाचा, म्हणजे अख्खी जमीन कुठं कलली तर नाही ना, याचा. सपाटी पंचेचाळीस, समतळ पस्तीस. शिवाय कुठलाही एक भाग सुटा मोजला तरी तो अनुक्रमे तीस आणि चोवीसच्या खाली जाता कामा नये. आकडा जितका मोठा तितकं काम चांगलं. एखादी जमीन आरशासारखी गुळगुळीत असूनही कललेली असू शकते, म्हणून हे दोन आकडे वेगळे. मी हे पान वाचलं होतं, त्यावर पेन्सिलनं रेघाही मारल्या होत्या. आम्हा इंजिनीअर लोकांना रेघ मारली की समजलं असं वाटतं.

मिस्त्री लोहारा तालुक्याकडचा. पन्नाशी उलटलेला, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारा. या भागात कोबा म्हटलं की लोक त्याचं नाव घ्यायचे. जिनिंगचे, आडतीचे, शाळांचे, मंगल कार्यालयांचे किती कोबे त्यानं ओढले याची गणती त्यालाही नव्हती. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरना पुण्याहून लेझरच्या मशिनवाली टोळी आणायची होती. मीच भांडून सांगितलं की आधी एक पट्टा या माणसाला करू द्या. ठरलं असं की सहा मीटर रुंद, चोवीस मीटर लांब असा पहिला पट्टा त्यानं ओतायचा. मोजणीत पास झाला तर अख्ख्या गोदामाचा कोबा त्याच्या टोळीचा. नापास झाला तर पुण्याची टोळी. त्यानं गावाकडून बारा माणसं आणली होती आणि सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आता वर्षभर इथंच. इतकं मोठं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं.

मी त्याला बोलावून काय सांगितलं? "मिस्त्री, तीन मीटरची पट्टी कुठंही ठेवली तरी खाली नखसुद्धा जाता कामा नये." एवढंच. म्हणजे सपाटीचं सांगितलं. समतळाचा शब्दही काढला नाही. साच्याचे लोखंडी चॅनेल सकाळी मी स्वतः लेव्हलच्या मशिननं तपासले होते, सगळे एका रेषेत होते, मग वेगळं सांगायचं काय असा माझा समज.

काँक्रीट सकाळपासून पडत होतं. त्यानं आणि त्याच्या माणसांनी जे काम केलं ते मी उन्हात उभा राहून बघत होतो आणि खरंच मन भरून आलं होतं. पट्टी ओढायची, तिरकी ओढायची, पुन्हा आडवी ओढायची, गुडघ्यावर बसून डोळा जमिनीला लावून बघायचं. पुण्याच्या लेझरला काय डोळे असतात, असं मी मनात म्हणत होतो.

जेवणाच्या सुमारास पट्टा शटरच्या, म्हणजे गोदामाच्या मोठ्या दाराच्या बाजूला पोचला. मी फोनवर होतो. सिमेंटची गाडी येडशीच्या पुढं अडकली होती. मिस्त्री माझ्याजवळ आला, हात पुसत म्हणाला, "सायेब, शटरकडं शेवटाला जरासा ढाळ सोडतो. पावसाचं पानी आत आलं तर भाईर जायला नको का?"

मी फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली. "बरं, सोडा," असंही म्हणालो. हे मला स्वच्छ आठवतं. आठवतं कारण त्या क्षणी मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही. परंड्याला आमच्या घरात लोटा सांडला की पाणी आपलं आपण मोरीकडं जायचं. ढाळ नसलेला कोबा आमच्याकडं कुणी कोबा मानतच नाही. चुकून राहिला तर लोक मिस्त्रीला दारात उभं करून दाखवतात, हे बघा, पाणी साचतंय. माझ्या हातातल्या कागदापेक्षा तीस वर्षांची सवय वरचढ ठरली. त्याची आणि माझीही. मी डिग्री घेऊन आलो होतो, एवढाच फरक.

त्यानं शेवटच्या सहा मीटरला चॅनेलच्या खालचं पॅकिंग काढलं आणि शटरपाशी चॅनेल तीस मिलिमीटर खाली बसवले. मग तो भागही तितक्याच प्रेमानं ओढला.

मोजणी ओतल्यापासून बहात्तर तासांच्या आत व्हावी लागते. नंतर काँक्रीट आकसतं, सांध्यांपाशी कडा वर वळतात, आणि मग दोष मिस्त्रीचा की काँक्रीटचा हे कुणी सांगू शकत नाही. सल्लागार कंपनीकडून एक मॅडम आल्या. माझ्याहून लहान, शांत, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांच्याकडं दोन पायांचं यंत्र होतं. पायांत तीनशे मिलिमीटरचं अंतर. कोब्यावर खडूनं उभ्या-आडव्या रेषा मारायच्या, कडांपासून आणि सांध्यांपासून सहाशे मिलिमीटर सोडून. मग रेषेवरून ते यंत्र एक पाय टेकवत, दुसरा फिरवत चालवत न्यायचं. प्रत्येक पावलाला ते दोन पायांमधला चढ-उतार नोंदवतं. लागोपाठच्या पावलांतल्या फरकांवरून सपाटी निघते, तीन मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंच्या उंचीतल्या फरकावरून समतळ.

मिस्त्री त्यांच्या मागं मागं अनवाणी चालत होता. चपला त्यानं बाहेर काढून ठेवल्या होत्या.

मॅडमनी लॅपटॉपवर आकडे बघितले आणि पहिल्यांदाच हसल्या. पट्ट्याची सपाटी सत्तेचाळीस. हातानं केलेल्या कामात असा आकडा त्यांनी क्वचित बघितला होता, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. मी ते मिस्त्रीला सांगितलं. तो लाजला. मग त्या शेवटच्या सहा मीटरवर थांबल्या, रेषा पुन्हा चालल्या, आणि म्हणाल्या, "इथं समतळ अठरा येतंय. चोवीसच्या खाली. आणि ही चूक नाही, एकसारखा उतार आहे. कुणीतरी मुद्दाम दिलाय."

कागदावरची पेन्सिलची रेघ आता मला दिसली.

दुपारी साइट ऑफिसात बैठक झाली. मॅडम, प्रोजेक्ट मॅनेजर, मी, आणि दाराशी उभा मिस्त्री. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. मीही दिली नाही. आधी उपायांची चर्चा झाली. घासून काढता येईल का? घासून उंचवटा जातो, खोल भाग वर येत नाही. या भागाशी जुळवायचं तर बाकीचा अठरा मीटर चांगला कोबा तीस मिलिमीटर घासावा लागेल, आणि चार-दोन मिलिमीटरमध्येच वर पेरलेला, कोबा टणक करणारा हार्डनरचा थर निघून जाऊन खालून धूळ सुटेल. वरून स्वतःहून समतळ होणारा थर ओतायचा? तो शटरकडं तीस मिलिमीटर आणि आतल्या टोकाला कागदाएवढा पातळ होईल, गाड्यांच्या चाकाखाली ती पातळ कड आधी फुटेल. तिथं कापून, खोदून कड जाड करता येते, पण जोड कायमचा राहतो. रॅकच्या पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून रॅक सरळ होईल, पण गाडी काय पट्ट्यांवरून चालणार आहे? शिवाय तिथं स्लॅबची जाडीच कमी भरली होती. शेवटी सांध्यावर कापून सहा मीटरचा तुकडा फोडायचा, जुन्या कडेत भोकं पाडून सळ्या बसवायच्या आणि तो पुन्हा ओतायचा, असं ठरलं. मॅडम शेवटी म्हणाल्या, "माझ्या दृष्टीनं कारागिरीचा प्रश्न नाही. सूचना नीट मिळाली असती तर हा माणूस पूर्ण फ्लोअर करू शकतो. ढाळ कुणाला विचारून दिला, एवढं मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

म्हणजे दार उघडं होतं. माझ्या एका वाक्यावर होतं.

मॅनेजर मिस्त्रीकडं वळले. "कुणाला विचारलंस?"

मिस्त्री म्हणाला, "इंजिनीअर सायबाला इचारलं व्हतं. ते सोडा म्हनले."

सगळे माझ्याकडं बघू लागले. आठ दिवसांनी माझ्या बढतीचा कागद वर जायचा होता, हे मला त्या वेळी का आठवावं? बाकी काही आठवलं नाही, नेमकं तेवढंच आठवलं. मी म्हणालो, "मला आठवत नाही. मी फोनवर होतो."

मिस्त्रीनं माझ्याकडं रागानंही बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. तो खाली फरशीकडं बघत राहिला. मॅडमनी लिहिलं, 'परवानगीशिवाय उतार दिला.' त्या पानावर साइट इंजिनीअर म्हणून माझी सही आहे. बारा माणसं दुसऱ्या दिवशी वडापच्या जीपनं परत गेली. पुण्याची टोळी आली. त्यांच्या पहिल्या पट्ट्याची सपाटी एकोणचाळीस निघाली. दुरुस्ती करून, पुन्हा मोजून त्यांना पास केलं. त्यांना दुसरी संधी मिळाली आणि ती देण्याच्या कागदावरही माझीच सही आहे.

बढती मिळाली. पेढे वाटले. आपण माणूस म्हणून काय किमतीचे आहोत हे असं फुकटात कळत नसतं, आणि कळलं की पेढे घशाखाली उतरत नाहीत. तरी मी दोन खाल्ले.

पाच-सहा महिन्यांनी मी लोहाऱ्याला गेलो, तिथून विचारत विचारत त्याच्या गावी. तो अंगणात बसून थापीला तेल लावत होता. या भागात बातमी लवकर पसरते. मोठ्या साइटवर त्यानं मनानं ढाळ दिला, तुकडा फोडावा लागला, एवढीच बातमी पसरली होती. आता त्याला गुरांच्या गोठ्याचे कोबे तेवढे मिळत होते. त्यानं मला बसायला पोतं टाकलं, "या सायेब," म्हणाला, आत चहाला सांगितलं.

मी सगळं बोललो. घरून पाठ करून गेलो होतो. तुम्ही विचारलं होतं, मी हो म्हणालो होतो, मला चांगलं आठवत होतं, मी खोटं बोललो. बोलताना माझा आवाज कापत होता, आणि खरं सांगतो, तो कापतोय याचं मला थोडं समाधानही वाटत होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. थापी बाजूला ठेवली.

"सायेब," तो म्हणाला, "हे तिथं बोलायचं व्हतं. हितं ऐकनारा म्या एकलाच हाय, आन् मला तर हे आधीपासूनच ठावं हाय."

आतून चहा आला. त्यानं आधी माझ्यापुढं ठेवला.