अनुभव आहे, दाखला नाही

टायपिंग क्लासात येणारा प्रत्येक जण मला आधी एकच गोष्ट सांगायचा: "बाई, जरा भारी अर्ज करा." भारी म्हणजे काय, तर जे येत नाही ते येतं असं लिहायचं. मला त्या शब्दाचीच चीड यायची. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर तो क्लास होता. सकाळी मी तिथे शिकायची आणि दुपारी त्याच मशिनवर लोकांचे अर्ज टाइप करून फी भागवायची. एमआयडीसीत नुकते कारखाने उभे राहत होते आणि पेपरात रोज जाहिराती यायच्या. पोलादपूरपासून लोक कात्रणं खिशात घालून यायचे. घामाने ती इतकी भिजलेली असत की अक्षरं लागत नसत.

म्हणून मी एक पद्धत काढली होती. कात्रण आधी फुलस्केपच्या डाव्या बाजूला खळीने चिकटवायचं. कारखान्याला काय हवंय त्याच्या एकेका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायची. 'आवश्यक' कुठलं आणि 'असल्यास प्राधान्य' कुठलं हे वेगळं करायचं, कारण लोक दुसऱ्याला घाबरून पहिलंही सोडून द्यायचे. मग उजवीकडे त्या माणसाचा बायोडाटा ठेवून प्रत्येक रेघेसमोर लिहायचं: आहे, थोडं आहे, नाही. 'आहे' लिहिलं की लगेच विचारायचं, कशावरून? कुठे केलं, किती दिवस केलं, दाखवाल का करून? उत्तर आलं नाही की 'आहे' खोडायचं.

गिरणी सुटल्यावर गावी परतलेला एक गृहस्थ आठवतो. "मला काय येतंय, साच्यावर उभा राहायचो," म्हणाला; साचा म्हणजे गिरणीतला माग. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की पाळीतल्या माणसांना काम वाटून देणं, नव्यांना शिकवणं आणि बिघाड झाला की वरती कळवणं हे त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. जाहिरातीत नेमकं तेच मागितलं होतं, फक्त सुपरवायझर या नावाने. ते मी लिहिलं. इंग्रजी येत नाही तेही लिहिलं. क्लासचे सर म्हणायचे, "नाही कशाला लिहितेस? गप्प बसावं." मी म्हणायची, अर्जात नका घालू हवं तर, पण ह्या कागदावर त्याला दिसू दे. मुलाखतीत ते विचारणार आहेत, मग तिथे तोंडघशी पडण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. सर मान हलवायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला थट्टेने म्हणायचे, हिच्याकडे जाऊ नका, ही उलटतपासणी घेते.

एक दिवस माझ्याच कामाची जाहिरात आली.

एका कारखान्याला स्टोअर कीपर हवा होता. बारावी पास. मालाच्या साठ्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव, दाखल्यासह. बिन कार्ड ठेवता यावं. टंकलेखन. रासायनिक मालाच्या हाताळणीची माहिती असल्यास प्राधान्य. मी कात्रण चिकटवलं, रेघा मारल्या आणि स्वतःची उलटतपासणी सुरू केली.

बारावी: आहे. टंकलेखन: मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास, आहे. रासायनिक माल: खतं हाताळली आहेत, ॲसिडला हात लावलेला नाही, तेव्हा थोडं. बिन कार्ड: प्रत्येक मालाजवळ लटकवायचं कार्ड, त्यावर आला किती, गेला किती, शिल्लक किती. तोच हिशेब मी वहीत ठेवला होता, कार्डावर नाही. म्हणून थोडं. आणि अनुभव?

अनुभव इतका होता की हात दुखायचे. आमच्या पोलादपूरला सोसायटीचं गोदाम होतं. खतं, बियाणं, रेशनची साखर. माझे थोरले काका सोसायटीच्या कमिटीवर. त्यांनी त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, तिथे कारकून म्हणून चिकटवलं. तो सहीपुरता यायचा आणि मग दिवसभर एसटी स्टँडवरच्या पानाच्या टपरीवर. माझी बारावी झाली होती, वडील मुंबईत, घरात काकांचा शब्द. काका आईला म्हणाले, "पोरगी नायतरी घरातच हाय. बसेल गोदामात." आणि मी बसले. बसले म्हणजे काय? ट्रक आला की थैल्या मोजून घेतल्या, फाटक्या वेगळ्या काढून वजन करून घट लिहिली, जुना माल पुढे आणि नवा मागे लावायला हमालांशी भांडले, पावसात खालचा थर ओला होऊ नये म्हणून फळ्या टाकून घेतल्या, महिनाअखेरीला वही आणि थप्पी जुळवली. दोन वर्षं, क्लास लावेपर्यंत. पगार चुलतभाऊ घ्यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो आमच्याच घरी येऊन जेवायला बसायचा आणि भाकरी गार झाली म्हणून ओरडायचा.

तेव्हा कागदावर मी लिहिलं: अनुभव आहे, दाखला नाही.

काकांकडे गेले. म्हटलं, मी काम केलं एवढं सोसायटीकडून लिहून द्या. काका सुपारी कातरत होते. "तुझं नाव लागलं तर पोराचं काय गो? त्याची नोकरी घालवतीस?" मी म्हटलं, मी खोटं मागत नाही. ते म्हणाले, "खरं हाय म्हणूनच नाय देत." इतकं स्वच्छ उत्तर मला नंतर आयुष्यात कोणी दिलं नाही. अजूनही आठवलं की कानशिलं तापतात.

त्याच आठवड्यात चुलतभाऊ क्लासात आला. खिशात तीच जाहिरात. कारखान्यात पगार जास्त होता ना! सरांनी त्याला सवयीने माझ्याकडे पाठवलं. कात्रण चिकटवलं, रेघा मारल्या.

"साठ्याचा अनुभव?"

"हाय की. तीन वर्षं."

"जुन्या थैल्या आधी काढायच्या की नव्या?"

"त्यात काय? समोर असतील त्या."

मी 'नाही' लिहिलं.

"थैली फाटून खत सांडलं, तर वहीत काय करायचं?"

तो उठून उभाच राहिला. "तू टाइप कर. परीक्षा घेऊ नको. माझ्याजवळ दाखला हाय, दाखला! सोसायटीच्या शिक्क्याचा."

शिक्का खराच होता. कागदावर चेअरमननी लिहिलं होतं की यांनी साठ्याची चोख नोंद ठेवली, माल व्यवस्थित लावला, घट कमीत कमी राखली. माझे दोन पावसाळे त्याच्या नावाखाली सरळ ओळीत उभे होते. मी मशिनवरचं झाकण धाडकन आपटलं आणि म्हटलं, मी हे टाइप करणार नाही. सर धावत आले. "अगं, गिऱ्हाईक आहे." मग त्यांनी स्वतःच बसून टाइप केलं. खाडखाड, माझ्यासमोर.

मुलाखतीला आम्ही दोघंही एकाच एसटीने गेलो. माझ्या अर्जात मी जे होतं तेच लिहिलं होतं. साहेब सभ्य होते. त्यांनी साठा कसा मोजता, वही आणि माल जुळला नाही तर आधी काय तपासता असं विचारलं. मी सांगितलं: आधी फाटक्या थैल्यांची नोंद, मग उधार दिलेला माल, मग शेवटच्या ट्रकची पावती. बिन कार्डाबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, माहीत आहे, वापरलेलं नाही. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "दाखला?"

"नाही."

"मग आम्ही मानायचं कशावरून?"

हा प्रश्न मीच रोज दहा जणांना विचारत होते. नोकरी चुलतभावाला लागली. काकांनी वाडीत पेढे वाटले, आमच्याही घरी आणून दिले. आईने घेतले. मी माझा पेढा कोंबडीपुढे टाकला.

महिनाभराने एका रविवारी तो आमच्या पडवीत आला. टपरीवरचा रुबाब पार उतरला होता. पिशवीतून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला आणि हळूच म्हणाला, "हे कसं भरायचं गो? साहेब म्हणतोय, पंधरा दिवसांत सगळं लावून पायजे. नायतर काढून टाकीन."

मी हसले. खरं सांगते, आनंदाने हसले, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

"शिकवते," म्हटलं, "पण मला माझा दाखला पाहिजे. दोन वर्षं गोदामाचं काम केलं, एवढाच. त्यात एक अक्षर जास्त नको आणि एक कमी नको."

संध्याकाळी काका आले. आधी घरच्या अब्रूची गोष्ट, मग वडिलांना पत्र लिहिण्याची धमकी, मग आईकडे रडगाणं. मी उंबऱ्यावरून हलले नाही. आई, जी आयुष्यात दिरासमोर बोलली नव्हती, ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पोरीचं हाय ते पोरीला द्या की भावजी." काका तरातरा निघून गेले.

चार दिवसांनी दाखला आला. वाचला आणि परत पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'अधूनमधून मदत केली.' काकांना म्हटलं, अधूनमधून तर तुमचा मुलगा यायचा. दुसरा आला, त्यात काम नीट लिहिलं होतं. तोही मी परत पाठवला. चेअरमन वैतागले. "आता काय राहिलं?"

"विनावेतन," मी म्हटलं. "विनावेतन काम केलं, असं घाला."

"अगं, ते चांगलं दिसत नाही. सोसायटीची शोभा होते."

"मला नसलेलं काही नको," मी म्हटलं, "आणि असलेलं गाळायचं नाही."

घातलं. का घातलं? काकांच्या मुलाची नोकरी जाईल म्हणून. माझं खरं सिद्ध व्हायला त्याच्या खोट्याची गरज लागली, ही गोष्ट मला त्या दिवशीही पचली नाही आणि आजही पचत नाही. कबूल केल्याप्रमाणे मी त्याला शिकवलं. दात-ओठ खात शिकवलं, पण नीट शिकवलं. त्याची कार्डं भरता भरता माझ्या कागदावरचं 'थोडं' खोडून मी तिथे 'आहे' लिहिलं.

पुढची जाहिरात आली ती दुसऱ्या कारखान्याची. कात्रण चिकटवलं, रेघा मारल्या. अनुभव: आहे. दाखला: आहे. ॲसिडची हाताळणी: नाही. मुलाखतीत समोरच्या साहेबांनी दाखला दोनदा वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "दोन वर्षं विनावेतन? असं कसं?"

"पगार माझ्या चुलतभावाला मिळत होता," मी सांगितलं.

टेबलामागचे तिघेही मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, मुलगी हजरजबाबी आहे. त्यांनी मला नोकरी दिली आणि सोमवारपासून यायला सांगितलं. मी कागद गोळा केले, आभार मानले आणि बाहेर पडले. मी काही विनोद केला नव्हता, हे मात्र त्यांना सांगायचं राहूनच गेलं.