शेळीच्या पोटात गेलेली पेज

प्रभूची वाटी रिकामी झाल्याशिवाय अनुसयाबाई भाकरीला हात लावत नसे. कळमनुरीजवळच्या त्या वस्तीत ही काही नवलाची गोष्ट नव्हती. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की आईनं असा नेम धरायचा, ही तिथली जुनीच रीत. तिच्या सासूनं धरला होता, तिनंही धरला. पोराच्या मानेत गाठी आल्या, नांदेडच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, सलाइनमधून औषधं सुरू झाली, त्याच दिवशी ती प्रभूला म्हणाली, "तू जेवल्याबिगर माझ्या तोंडात घास जाणार न्हाई."

प्रभू तेव्हा नुसता हसला होता.

दुसऱ्या खेपेचं औषध घेऊन आल्यापासून मात्र त्याला अन्नाचा वास सोसेना. फोडणीचा चर्र आवाज आला की तो तोंडावर टॉवेल धरी. आवडीचं पिठलं पुढं आलं की ओकारी. अनुसयाबाई घाबरून आणखी वाढी. "दोनच घास, माझ्या सोन्या. ताटात टाकू नये." तो ताटाकडे असा बघे, की जणू त्यात इंगळी बसलीय.

मग एकाएकी वाट्या रिकाम्या येऊ लागल्या. पेज, मुगाचं पाणी, दूधभात, सगळं चाटूनपुसून. अनुसयाबाईच्या जिवात जीव आला. बाजारच्या दिवशी कळमनुरीला गेली, तेव्हा तिनं तिथून नांदेडच्या दवाखान्यात फोन लावला. "व्हय, समदं खातो. उलटी न्हाई आता." पलीकडून बरं म्हणाले. उलटीच्या गोळ्या त्याच ठेवल्या.

पण खाणारं पोरगं असं वाळत का चाललंय? रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागत. ती भीती तिनं गिळून टाकली. वाटी तर रिकामीच होती ना!

एका सकाळी प्रभू लघवीला म्हणून उठला आणि दारातच कोसळला. त्याची बायको राधिका किंचाळली. ओठ कोरडे ठाक, जीभ लाकडासारखी. वस्तीतल्या किसनसिंगाची जीप काढून त्याला कळमनुरीच्या दवाखान्यात नेलं. वाटभर अनुसयाबाई त्याच्या नाकापाशी हात धरून बसली होती. श्वास हाताला लागतोय ना, एवढंच बघत.

तिथं सलाइन लावलं. तिथल्या शालू सिस्टरनं विचारलं, "लघवी कधी झाली? रंग कसा होता?"

"काल सकाळी," राधिका म्हणाली. "गर्द पिवळी."

"पाणी पोटात ठरतं का?"

"ठरतं की! वाटी घासून पितो," अनुसयाबाई मधेच बोलली.

प्रभूनं डोळे मिटले. "माय, म्या न्हाई पिलं. खिडकीतून शेळीला पाजलं."

अनुसयाबाई त्याच्याकडे वळली.

"समदं?"

"समदं. पोटात गेलं की उलटून येऊन राहिलं. आन् तू उपाशी बसून राहिलीस. दुपार टळली तरी. मंग काय करू?"

राधिकेला त्या भयातही हसू फुटलं. "म्हून ती शेळी एवढी माजली व्हय! म्या म्हटलं, गाभण हाय."

अनुसयाबाईला हसता आलं नाही. फोनवर आपणच काय सांगितलं ते तिला आठवलं.

डॉक्टरांनी नांदेडला विचारून उलटीची गोळी बदलली. ती जेवणाआधी अर्धा तास द्यायची. शालू सिस्टर म्हणाली, "ताट वाढू नका. थोडं थोडं, दर दोन तासांनी, चार चमचे. गरम नको, वास मारतो, निवलेलं द्या. पाणी उकळून गार केलेलं, घोट घोट, जेवताना नाही, मधल्या वेळात. पाणीही ठरेना किंवा ताप आला, तर घरी बसू नका. आणि आजी, तुम्ही आधी जेवत जा."

"पोराच्या आधी?"

"तुम्ही उपाशी राहिलात, तर तो खोटं बोलतो. मग आम्हाला कसं कळणार?"

दोन दिवसांनी घरी आणलं. राधिकेनं चूल पार गोठ्यापलीकडे हलवली. खिडकीखालून शेळी सोडून दुसरीकडे बांधली. दुपारी गोळी देऊन अर्धा तास झाला, तशी अनुसयाबाईनं गार पेजेची छोटी वाटी प्रभूच्या उशाशी ठेवली आणि काही न बोलता अंगणात गेली. त्याला दिसेल अशी, पण वास जाणार नाही इतकी लांब बसली. भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घेतला. आयुष्यभर पोराआधी जेवली नव्हती ती. पाण्यासोबत उतरवला.

"प्रभू, म्या जेवून राहिले रे," तिनं हाक दिली. "तुला वाटलं तर घे. न्हाई तर वाटी तशीच राहू दे. पर खरं सांग."

तिनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मग चमच्याचा बारीक आवाज. एकदा. परत एकदा.

"दोन चमचे, माय. बाकीचं ऱ्हायलं."

"राहू दे."

ती तशीच बसून राहिली, भाकरीचा तुकडा हातात धरून, ओकारीचा आवाज येतो का त्याकडे कान लावून. उन्हाची तिरीप ओट्यावरून खाली उतरली. आवाज आला नाही. मग तिनं दुसरा घास घेतला.